चौतिसाव्या मेलला उत्तर

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही मोटर कंट्रोल सेंटरची, म्हणजे कारखान्यातल्या मोटरी चालू-बंद करायची, पॅनेलं बनवतो. मी प्रोजेक्टचा पत्रव्यवहार बघते. शेडमध्ये बोलणं गुजरातीत चालतं, मेल इंग्रजीत जातात आणि माझ्याकडे शिकायला आलेला दांडियाबाजारचा मुलगा माझ्याशी मराठीत बोलतो. त्या दिवशी दुपारी चारला तो लॅपटॉप घेऊन आला. ‘ताई, उत्तर तयार आहे, फक्त एकदा बघून द्या, पाठवतो.’ पाठवायचं बटण रिप्लाय ऑलचं होतं.

ज्या मेलवर तो उत्तर देत होता तो त्या साखळीतला चौतिसावा होता. अकरा दिवसांत चौतीस मेल झाले होते. विषय एकच होता, नांदेसरीजवळच्या एका रासायनिक कारखान्याचं पॅनेल कधी निघणार. आमच्याकडे फॅक्टरी टेस्ट झाली तेव्हा ग्राहकाच्या माणसांनी सहा त्रुटी लिहून दिल्या होत्या. पाच दुरुस्त झाल्या, सहावी अडली. इन्कमर ब्रेकरचं, म्हणजे पॅनेलच्या मुख्य स्विचचं, रिलीज, म्हणजे बिघाड झाला की तो पाडणारा भाग, मान्य ड्रॉइंगपेक्षा वेगळ्या प्रकारचं लागलं होतं आणि बदली रिलीज स्टॉकिस्टकडून यायचं होतं. ठरलेली तारीख 12 होती, ती चुकणार हे उघड होतं.

साखळीत माणसं कशी वाढत गेली ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. सुरुवातीला ग्राहकाचा प्रोजेक्ट इंजिनिअर, त्यांचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर, त्यांचं स्टोअर, तपासणी एजन्सीचा इन्स्पेक्टर आणि आमची माणसं होती. नवव्या मेलमध्ये ग्राहकाने बसबारच्या ड्रॉइंगसाठी सल्लागार कंपनीतल्या दोघांना घेतलं. चौदाव्या मेलमध्ये आमच्या खरेदीवाल्या भाईंनी त्याच साखळीत स्टॉकिस्टचा पत्ता टाकून रिलीज कधी देणार म्हणून विचारलं आणि खाली रिलीजचा दर व सवलत तशीच राहिली. बाविसाव्यात ग्राहकाच्या बाजूने प्लांट हेड आले. सत्ताविसाव्यात त्यांचे कमर्शियलचे साहेब आले आणि उशिराचा दंड कापला जाईल का, असं त्यांनी विचारलं. एकतिसाव्यात प्रोजेक्ट इंजिनिअरने तीन प्रश्न केले: तारीख काय, त्रुटी दूर झाल्याचे फोटो कुठे, आणि अर्धं पॅनेल आधी पाठवता येईल का. बत्तिसावा मेल प्लांट हेडचा, एका ओळीचा: आज उत्तर द्या.

मुलाचा मसुदा असा होता (मूळ इंग्रजीत, मी मराठीत सांगते):

‘सर्वांना नमस्कार. रिलीज 18 तारखेला येत आहे, स्टॉकिस्टचं पेमेंट अडकल्याने उशीर झाला. अकाउंट्सने कृपया पेमेंट सोडावं. टेस्टिंग टीमने पाच त्रुटींचे फोटो आजच द्यावेत. सल्लागारांच्या बसबार ड्रॉइंगच्या तिसऱ्या आवृत्तीबद्दल डिझाइनकडून उत्तर येईल. डिस्पॅच 20 ला होईल. अर्धं पॅनेल पाठवता येणार नाही.’

मुलगा कष्टाळू आहे आणि त्याने काही लपवलं नव्हतं. पण नमस्कार सोडला तर ही सहा वाक्यं वेगवेगळ्या माणसांसाठी होती आणि तो ती सगळी सगळ्यांना पाठवायला निघाला होता. मी त्याला म्हटलं, ‘पत्ते नंतर बघू. आधी प्रत्येक वाक्यासमोर पेन्सिलीने लिही, हे वाचून कोण काय करणार आहे.’

आम्ही मसुद्याची छापील प्रत काढली. पेमेंटच्या वाक्यासमोर त्याने ‘अकाउंट्स’ लिहिलं आणि मग थांबला, कारण आमचे अकाउंट्सचे भाई त्या साखळीत मुळी नव्हतेच. जे वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नव्हतं, ते ग्राहकाच्या प्लांट हेडपर्यंत मात्र पोहोचणार होतं आणि त्यांना एवढंच कळणार होतं की आमच्याकडे पैसे अडकले आहेत. फोटोंच्या वाक्यासमोर टेस्टिंगचे काका आले. ते शेडच्या दुसऱ्या टोकाला बसतात. ते वाक्य मेलचं नव्हतंच, चालत जाऊन सांगायचं होतं. बसबारचं वाक्य सल्लागारांचं. त्यांनी तो प्रश्न तेहतिसाव्या मेलमध्ये फक्त प्रोजेक्ट इंजिनिअर आणि मला विचारला होता, म्हणजे त्यांनी स्वतःहून तो या गर्दीबाहेर काढला होता आणि आमचा मसुदा तो परत गर्दीत टाकत होता.

उरली तीन वाक्यं: रिलीज कधी येतंय, डिस्पॅच कधी आणि अर्धं पॅनेल का नाही. खरं उत्तर तेवढंच होतं. कोणाला पाठवायचं हे ठरवण्याआधी काय पाठवायचं ते तासून घ्यावं लागतं, असं मी मानते, कारण एका मेलच्या सगळ्या वाक्यांना पुरेल अशी पत्त्यांची यादी निघत नसेल तर तो मेल एक नसून दोन-तीन मेल असतात.

मग पत्ते. मी त्याला विचारलं, ‘तू कोणत्या मेलवर रिप्लाय ऑल दाबलंस?’ ‘शेवटच्या, ताई. चौतिसाव्या.’ मी त्याला नावाशेजारच्या बाणावर क्लिक करून पूर्ण यादी उघडायला लावली. त्यात प्लांट हेड नव्हते, कमर्शियलचे साहेबही नव्हते. ज्यांनी ‘आज उत्तर द्या’ म्हटलं होतं, त्यांनाच उत्तर जाणार नव्हतं.

हे कसं झालं ते समजून घेण्यासारखं आहे. पडद्यावर चौतीस मेल एकाखाली एक दिसतात म्हणून आपल्याला वाटतं की ही एक खोली आहे आणि सगळे आत बसले आहेत. तसं नसतं. प्रत्येक मेल स्वतःची यादी घेऊन फिरतो आणि रिप्लाय ऑल फक्त त्या एका मेलची यादी उचलतं. चौतिसावा मेल टेस्टिंगच्या काकांचा होता. त्यांनी मोबाईलवर विसावा मेल उघडला आणि त्यावर ‘नोंद घेतली’ असं सगळ्यांना लिहिलं. विसाव्या मेलच्या वेळी प्लांट हेड साखळीत यायचे होते. म्हणून वेळेने सर्वांत नवा असलेला मेल यादीच्या दृष्टीने चौदा मेल मागचा होता. बत्तिसाव्या मेलच्या यादीत सोळा पत्ते होते, चौतिसाव्यात चौदा. आकडा जुळत नाही असं दिसलं की साखळीला फाटा फुटला आहे हे कळतं. गर्दीच्या साखळीत उत्तर देण्याआधी मी शेवटचे तीन-चार मेल उघडून त्यांच्या याद्या ताडून बघते. दोन मिनिटं जातात.

त्या चौदापैकी एक पत्ता आमच्या प्रोजेक्ट ग्रुपचा होता. दिसायला एक, पण आत नऊ माणसं. त्यातली चार जणं यादीत स्वतंत्रही होती. म्हणजे तेरा नावं, अधिक नऊ, वजा चार: अठरा माणसं. ग्राहकाच्या माणसांना यातलं काही दिसत नाही. त्यांना वाटतं चौदा जणांशी बोलतोय.

आम्ही चौतिसावा मेल बाजूला ठेवला आणि बत्तिसाव्यावर, म्हणजे प्लांट हेडच्या मेलवर, रिप्लाय ऑल केलं. सोळा पत्ते आले. आता एकेक काढायचा किंवा हलवायचा.

माझे सासरे इथल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्या पत्रांच्या तळाशी गुजरातीत ‘नकल रवाना’ असायचं आणि प्रत्येक नावापुढे कशासाठी ते लिहिलेलं असायचं: ‘जाण सारु’, म्हणजे नुसतं कळावं म्हणून, किंवा कार्यवाहीसाठी. महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत तेच ‘प्रत माहितीस्तव’ आणि ‘प्रत योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असं असतं. सीसी हा शब्द कार्बन कॉपीचा आहे, तेव्हा नातं जवळचंच. ईमेलचं जे मानक 2008 साली आलं, आरएफसी 5322, त्यातही टू म्हणजे मुख्य प्राप्तकर्ते आणि सीसी म्हणजे ज्यांना मेल मिळेल पण मजकूर कदाचित त्यांना उद्देशून नसेल असे, एवढंच म्हटलं आहे. कोण मुख्य हे यंत्राला ठरवता येत नाही. काही प्रोग्राम रिप्लाय ऑल करताना आधीच्या टूमधल्या सगळ्यांना पुन्हा टूमध्येच ठेवतात, मग दहा फेऱ्यांनंतर टू म्हणजे नुसती हजेरी होऊन बसते. कचेरीतल्या कारकुनाला प्रत्येक प्रतीसाठी कार्बन घालायला लागायचा, म्हणून तो प्रत्येक नावाला कारण लिहायचा. मी मुलाला तेच करायला लावलं: प्रत्येक पत्त्यापुढे ‘जाण सारु’ किंवा ‘करायचं काम’, आणि दोन्हीपैकी काहीच लिहिता येत नसेल तर तो पत्ता निघतो.

प्रोजेक्ट इंजिनिअरपुढे काम होतं: 19 तारखेच्या फेरतपासणीसाठी इन्स्पेक्टरला बोलावणं त्यांच्याकडून जावं लागतं. म्हणून ते टूमध्ये. प्लांट हेडपुढे काम नव्हतं. नियमाने ते सीसीत जायला हवे होते आणि मुलाने त्यांना तिथे हलवलंही. इथे मी त्याला अडवलं. त्यांनी स्वतः विचारलं आहे, आणि विचारणाऱ्याला उत्तर सीसीत देणं म्हणजे त्यांचं बोलणं ऐकून दुसऱ्याकडे तोंड करून उत्तर देणं. शिवाय वरच्या हुद्द्यावरची बरीच माणसं सीसीत आलेले मेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम लावून ठेवतात. ‘आज’ मागितलेलं उत्तर तिथे पडून राहिलं असतं. म्हणून टूमध्ये दोघं, आधी प्रोजेक्ट इंजिनिअर आणि नंतर प्लांट हेड. मात्र टूमध्ये एकाहून जास्त नावं आली की काम कोणाचं हे वाक्यात नाव घेऊन लिहावं लागतं, नाहीतर दोघंही समजतात की दुसरा करेल.

कमर्शियलच्या साहेबांवर आमची सर्वांत जास्त चर्चा झाली. मुलगा म्हणाला, ‘ताई, यांना काढूया का? दंडाचा विषय आहे, आणि आपण इथे तारीख चुकल्याचं लिहून देतोय.’ भीती खरी होती. पण त्यांना ग्राहकाने घेतलं आहे. माझा पक्का नियम आहे की समोरच्या बाजूने घेतलेल्या माणसाला आपण गुपचूप काढायचं नाही. आपण घेतलेल्याला काढू शकतो. त्यांच्या माणसाला काढायचंच असेल तर मेलमध्ये तसं लिहून काढायचं, म्हणजे त्यांना नको वाटलं तर ते परत घेतील. दंडाचा प्रश्न विचारल्यावर लगेच कमर्शियलचं नाव गायब झालं तर तारीख चुकल्यापेक्षा ते वाईट दिसलं असतं. म्हणून ते सीसीत राहिले आणि बदलला तो मजकूर: पेमेंट अडकल्याचं वाक्य गेलं, कारण ते आमचं घरातलं होतं. उशिराचं खरं कारण, म्हणजे चुकीच्या प्रकारचं रिलीज लागलं आणि ते बदलतो आहोत, हे राहिलं. दंडाचं उत्तर आमचे साहेब वेगळं देतील अशी एक ओळ घातली, कारण ते ठरवायचा अधिकार मुलाला नाही आणि मलाही नाही.

सल्लागार दोघं ग्राहकाने घेतलेले, पण त्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना सांगून काढलं. ग्राहकाचं स्टोअर सीसीत राहिलं, त्यांना पॅनेल उतरवायला क्रेन सांगायची असते. इलेक्ट्रिकल इंजिनिअर राहिले, त्रुटी मिटल्याची सही त्यांची. इन्स्पेक्टर राहिला, पण टूमध्ये घेतला नाही. त्याला बोलावणं ग्राहकाकडूनच जायला हवं, आम्ही थेट काम सांगितलं तर तो ते मानणार नाही आणि मानूही नये.

आमच्या बाजूचं सोपं होतं. साहेब आणि सेल्सचे भाई सीसीत, कारण ग्राहकाचा फोन आला तर तो या दोघांनाच येणार. मी सीसीत. डिझाइन, टेस्टिंग, खरेदी आणि तो ग्रुपचा पत्ता, सगळे बाहेर.

आणि स्टॉकिस्ट. चौदाव्या मेलपासून तो साखळीत होता आणि कोणाच्या लक्षात नव्हतं. त्याने आमच्या ग्राहकाचा दंडाचा प्रश्न वाचला होता, तेव्हा आम्हाला घाई किती आहे हे त्याला नेमकं माहीत होतं. उलट ग्राहकाला आमचा खरेदीचा दर आणि सवलत खालच्या मजकुरात दिसत होती. आम्ही त्याचा पत्ता काढला आणि उत्तराखालचा जुना मजकूर एकतिसाव्या मेलमधले तीन प्रश्न तेवढे ठेवून बाकी कापला. पत्ता काढून मजकूर तसाच ठेवला तर अर्धंच काम होतं, हे गर्दीत विसरतं. गेलेलं मात्र परत येत नाही. दर ग्राहकाकडे गेला होताच. मी त्याच वेळी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन हे सांगितलं, त्यांना ते ग्राहकाकडून कळू नये म्हणून.

मुलाने मध्येच विचारलं की खरेदीच्या भाईंना बीसीसीत ठेवू का, त्यांना तारीख कळेल. मी नको म्हटलं. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या ठिकाणी असताना मी माझ्या वरिष्ठांना असंच बीसीसीत ठेवलं होतं. त्यांनी मेल वाचला, आपण बीसीसीत आहोत हे पाहिलं नाही आणि रिप्लाय ऑल केलं. त्यांचं उत्तर मला आणि टू-सीसीतल्या सगळ्यांना गेलं आणि ग्राहकाला कळलं की मी चोरून कोणाला तरी वाचायला देत होते. मी लपवण्यासारखं काही केलं नव्हतं, तरी ते तसंच दिसलं, आणि ते दिसणं मला पुढे कित्येक महिने त्या ग्राहकासमोर जाणवत राहिलं. आतल्या माणसाला कळवायचं असेल तर पाठवलेला मेल नंतर त्याला फॉरवर्ड करावा. तेव्हा तो चुकून रिप्लाय ऑल करूनही बाहेर जात नाही. बीसीसीचा एक उपयोग मला पटतो: ज्याचं काम संपलं त्याला शेवटचं एकदा बीसीसीत टाकून, वर तसं लिहून, साखळीतून मोकळं करणं. पुढच्या उत्तरांत तो आपोआप येत नाही.

सोळातले सात निघाले, नऊ राहिले. शेवटी गेलेला मेल असा:

‘टू: प्रोजेक्ट इंजिनिअर, प्लांट हेड
सीसी: इलेक्ट्रिकल इंजिनिअर, कमर्शियल, स्टोअर, इन्स्पेक्टर, आमच्याकडून साहेब, सेल्स, प्रोजेक्ट

आदरणीय सर, आपण आज मागितलेलं उत्तर देत आहोत. पॅनेल 12 ऐवजी 20 तारखेला निघेल. इन्कमर ब्रेकरचं रिलीज मान्य ड्रॉइंगप्रमाणे बदलायचं आहे, ते 18 ला येईल आणि 19 ला फेरतपासणी करता येईल. प्रोजेक्ट इंजिनिअर सरांना विनंती की 19 साठी इन्स्पेक्शन कॉल द्यावा. पाच त्रुटींचे फोटो सोबत आहेत. तपासणीचं प्रमाणपत्र पूर्ण पॅनेलचं असल्याने अर्धं आधी पाठवता येणार नाही. दंडाबाबत आमचे संचालक कमर्शियल सरांना स्वतंत्रपणे लिहितील. ड्रॉइंगच्या प्रश्नाचं उत्तर सल्लागारांना वेगळ्या मेलने देत आहोत, म्हणून त्यांना इथून वगळलं आहे.’

फोटो काकांकडून आणायला मुलगा स्वतः गेला, वीस मिनिटांत घेऊन आला. बाकीचे दोन मेल लहान होते. एक सल्लागारांना, सीसीत प्रोजेक्ट इंजिनिअर आणि मी, कारण प्रश्न विचारताना त्यांनी तीच माणसं निवडली होती. दुसरा आमच्या अकाउंट्सला, टूमध्ये ते एकटेच आणि सीसीत खरेदीचे भाई. तो फॉरवर्ड केला नाही, नव्याने लिहिला, म्हणजे ग्राहकाचा मजकूर त्याच्या खाली लटकत गेला नाही.

पाठवण्याआधी मी एक सवय लावून दिली. मसुदा लिहिताना टूचा रकाना रिकामा ठेवायचा आणि पत्ते अगदी शेवटी भरायचे, प्रत्येक पत्त्यावर बोट ठेवून वाचत. आमच्या ग्राहकांत एकाच आडनावाचे तिघं आहेत आणि पहिली तीन अक्षरं टाकली की यंत्र भलत्यालाच पुढे करतं. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची मुदत 5 सेकंदांपासून 30 सेकंदांपर्यंत ठेवता येते, त्याच्या लॅपटॉपवर ती 30 केली. पण त्या अर्ध्या मिनिटात पत्त्याची चूक दिसते, मजकुराची दिसत नाही.

मेल पाच चाळीसला गेला. सव्वासहाला प्रोजेक्ट इंजिनिअरचं उत्तर आलं, इन्स्पेक्शन कॉल 19 साठी टाकला म्हणून. प्लांट हेडने काही लिहिलं नाही.

दोन दिवसांनी इलेक्ट्रिकल इंजिनिअरने फोटोंवर एक प्रश्न विचारला, आणि तो विचारला जुन्या अठ्ठाविसाव्या मेलवर रिप्लाय ऑल करून. स्टॉकिस्ट, सल्लागार, आमचा ग्रुप, सगळे परत आले. मुलगा धावत आला. मी त्याला त्या मेलवर उत्तर देऊ नको म्हटलं. त्याने स्वतःचा पाच चाळीसचा मेल उघडला, विषयात ऑर्डर नंबर आणि ‘फेरतपासणी 19’ असं लिहिलं, म्हणजे जीमेलमध्ये ती वेगळी साखळी झाली, आणि इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा प्रश्न वर चिकटवून त्याखाली उत्तर दिलं: टूमध्ये ते, सीसीत प्रोजेक्ट इंजिनिअर आणि मी. मग त्यांना फोन करून सांगितलं, ‘सर, उत्तर नव्या विषयाने पाठवलंय, यापुढे त्यावरच लिहाल का?’ ते हो म्हणाले. पॅनेल 20 तारखेला संध्याकाळी निघालं, तोवर त्या नव्या साखळीत सात मेल झाले होते आणि जुन्या साखळीत आणखी दोन.